विश्लेषण : बाळ आपले, तक्ता सहा देशांचा, असे का?

अंगणवाडीत किंवा बालरोगतज्ज्ञांकडे बाळाचे वजन झाले की ते एका तक्त्यावर टिंबाने नोंदवले जाते. मेळघाटातील बाळ असो, मुंबईतील असो वा लंडनमधील, हा तक्ता बहुतेक ठिकाणी एकच असतो. तो जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील निरोगी, आईच्या दुधावर वाढलेली मुले मोजण्यात आली. प्रत्येक देशातील माणसांची उंची, बांधा, आहार वेगळा असताना मुलांसाठी एकच मोजपट्टी का, हा प्रश्न त्यामुळे वारंवार विचारला जातो. भारतीय मुलांसाठी भारतीय तक्ता हवा, अशी मागणीही होते. त्याचे उत्तर तक्त्यावरच्या रेषा कुठल्या मुलांवरून काढल्या, यात दडलेले आहे.

एकच बाळ, दोन तक्ते

एका मुलाचे उदाहरण घेऊ. जन्मवेळी त्याचे वजन ३.३ किलो होते. तो आईच्या दुधावर वाढतो आहे आणि सहाव्या महिन्यापासून वरचे अन्नही खातो आहे. तिसऱ्या महिन्यात त्याचे वजन ६.४ किलो, सहाव्यात ७.९, नवव्यात ८.९ आणि वर्षाचा झाल्यावर ९.६ किलो भरले. आजच्या तक्त्यावर हा मुलगा पहिल्या दिवसापासून नेमका मधल्या रेषेवरून चालतो. म्हणजे निरोगी मुलांपैकी निम्मी त्याच्याहून जड आणि निम्मी हलकी असतात. त्याच्याबद्दल काळजीचे काहीही कारण नाही.

आता हेच आकडे २००६ पूर्वी जगभर वापरात असलेल्या तक्त्यावर मांडू. त्या तक्त्याची मधली रेषा तिसऱ्या महिन्यात ६.० किलोवर होती. त्यामुळे मुलगा तेथे चारशे ग्रॅमने पुढे दिसतो. सहाव्या महिन्यात रेषा ७.८ किलोवर येते आणि त्याची आघाडी शंभर ग्रॅमवर उतरते. नवव्या महिन्यात रेषा ९.२ किलोवर जाते आणि तो तीनशे ग्रॅम मागे पडतो. वर्षाचा होईपर्यंत रेषा १०.२ किलोवर पोहोचते आणि तो सहाशे ग्रॅम मागे राहतो.

मुलगा तोच आहे, त्याचे वजनही तेच आहे. तरीही जुन्या तक्त्यावर तो तिसऱ्या महिन्यानंतर सतत घसरताना दिसतो. अशी घसरण पाहिल्यावर ‘दूध पुरत नाही, वरचे सुरू करा’ हा सल्ला ठरलेला असे. मग चौथ्या-पाचव्या महिन्यात बाटली येई. पाणी आणि बाटली स्वच्छ नसतील तर जुलाब सुरू होत. बाळ बाटलीने पिऊ लागले की छातीला कमी लागे आणि आईचे दूधही खरोखर आटू लागे. सुदृढ बाळाला आजारी पाडण्याची सुरुवात अशी एका चुकीच्या रेषेपासून होऊ शकत होती.

जुना तक्ता कोणाचा होता?

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्राने तो १९७७ मध्ये तयार केला आणि नंतर जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय वापरासाठी स्वीकारला. त्यातील लहान बाळांची मोजमापे ओहायो राज्यातील फेल्स संशोधन संस्थेची होती. ती १९२९ ते १९७५ या काळात एकाच परिसरातील, प्रामुख्याने गोऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांतून घेतली होती. यातील बहुतेक बाळे डब्याच्या दुधावर वाढलेली होती. डब्याच्या दुधावरची बाळे पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात अधिक वेगाने जड होतात. त्यामुळे तक्त्याची रेषाही तशीच वर चढत गेली.

दुसरा दोष मोजण्याच्या पद्धतीत होता. फेल्समध्ये बाळांचे वजन दर तीन महिन्यांनी घेतले जाई. पहिल्या तीन महिन्यांत बाळ सर्वाधिक वेगाने वाढते आणि नेमक्या त्याच काळातील वाढीचा आकार या मोजमापांतून नीट उमटला नाही. याचा परिणाम उलट दिशेनेही झाला. तीन महिन्यांच्या मुलासाठी ‘कमी वजन’ ठरवणारी रेषा जुन्या तक्त्यात सुमारे ४.१ किलोवर होती. आजच्या तक्त्यात ती ५.० किलोवर आहे. म्हणजे तिसऱ्या महिन्यात ४.५ किलो भरणारे बाळ पूर्वी ‘ठीक’ म्हणून घरी जात होते. आज तेच बाळ कमी वजनाचे ठरते आणि आईला दूध नीट पाजता येते आहे का, बाळाला काही आजार आहे का, हे पाहिले जाते. थोडक्यात, जुना तक्ता सुदृढ बाळांच्या बाबतीत उगाच घाबरवत होता आणि खरोखर मागे पडलेल्या तान्ह्या बाळांच्या बाबतीत गप्प बसत होता.

‘संदर्भ’ आणि ‘मानक’ यांत फरक काय?

हे दोष केवळ अमेरिकी मुले घेतल्यामुळे झाले असते, तर प्रत्येक देशाने आपापली मुले मोजून प्रश्न सुटला असता. १९९० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी जुन्या तक्त्याची तपासणी केली, तेव्हा त्यांनी अधिक मूलभूत मुद्दा मांडला.

एखाद्या ठिकाणची मुले जशी आहेत तशी मोजून काढलेला तक्ता म्हणजे ‘संदर्भ’. त्या जागी, त्या काळी मुले कशी वाढत होती, एवढेच तो सांगतो. त्या मुलांना डब्याचे दूध मिळत असेल, सारखे जुलाब होत असतील किंवा ती गरजेपेक्षा जास्त खात असतील, तर ते सारे रेषेत मिसळून जाते. ‘मानक’ मात्र वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. वाढीच्या आड काही आले नाही तर मूल कसे वाढते, हे ते दाखवते. दर्जी गिऱ्हाइकाचे माप घेतो तेव्हा त्याला फक्त आहे ते अंग हवे असते. डॉक्टरला मात्र ते अंग कसे असायला हवे होते, हेही ठाऊक असावे लागते.

मानक बनवायचे तर कुठलीही मुले मोजून चालत नाही. वाढीला अडथळा नसलेली मुले शोधून, निवडून घ्यावी लागतात. तज्ज्ञांच्या शिफारशीनंतर १९९४ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने नवा तक्ता बनवण्याला पाठिंबा दिला. पुढे १९९७ ते २००३ या काळात सहा देशांत मोजणी झाली.

मुले कशी निवडली?

ब्राझीलमधील पेलोटास, घानाची राजधानी अक्रा, नवी दिल्ली, नॉर्वेतील ओस्लो, ओमानमधील मस्कत आणि कॅलिफोर्नियातील डेव्हिस ही सहा शहरे निवडली गेली. दिल्लीत दक्षिण दिल्लीच्या सुस्थितीतील वस्त्यांमधून कुटुंबे घेण्यात आली. बाळ पूर्ण दिवसांचे आणि एकटे जन्मलेले हवे, त्याला मोठा आजार नको, आई गरोदरपणात व नंतर धूम्रपान न करणारी हवी, अशा अटी होत्या. सर्वांत महत्त्वाची अट स्तनपानाची होती. किमान चार महिने केवळ किंवा मुख्यतः आईचे दूध, सहा महिन्यांपर्यंत पूरक आहाराची सुरुवात आणि किमान वर्षभर स्तनपान चालू, असा तो नियम होता. (केवळ स्तनपान सहा महिने करण्याचा आजचा सल्ला २००१ मधला आहे. अभ्यास सुरू झाला तेव्हा तो चार ते सहा महिने असा होता.) हे पाळता यावे म्हणून आयांना स्तनपानाचे मार्गदर्शन करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रिया घरी पाठवण्यात आल्या.

जुन्या तक्त्यातील चूक टाळण्यासाठी बाळांना दोन वर्षांत २१ वेळा घरी जाऊन मोजले गेले. त्यात पहिल्या दोन महिन्यांतील भेटी सर्वाधिक दाट होत्या. या गटात १,७४३ बाळे घेतली होती. आहार व धूम्रपानाच्या सर्व अटी पाळून दोन वर्षे पूर्ण करणारी त्यांतील ८८२ च निघाली आणि महिन्यामहिन्याच्या वाढीच्या रेषा त्यांच्यावरूनच काढल्या गेल्या. जवळपास निम्मी बाळे बाजूला ठेवणे हा या अभ्यासाचा दोष नव्हता. मानक बनवायचे तर एवढी चाळणी लागतेच. दीड ते सहा वर्षे वयाच्या आणखी ६,६६९ मुलांची मोजमापे घेतली गेली. यांतील फार लठ्ठ मुलांची मोजमापे वगळण्यात आली. अन्यथा लठ्ठपणाच ‘नेहमीचा’ ठरला असता.

सहा देशांची मुले सारखी वाढली का?

सगळा डोलारा याच प्रश्नावर उभा होता. दिल्लीचे बाळ आणि ओस्लोचे बाळ वेगवेगळ्या वेगाने वाढले असते, तर सर्वांची मोजमापे एकत्र करणे चूक ठरले असते. त्यामुळे संशोधकांनी आधी सहाही ठिकाणच्या बाळांच्या लांबीची तुलना केली. लांबी निवडण्याचे कारण असे की, वजन थोड्या दिवसांच्या आजाराने किंवा जास्त खाण्याने हलते. हाडांची वाढ तशी पटकन बदलत नाही.

बाळाबाळांच्या लांबीत जो फरक आढळला, त्यातील सुमारे ७० टक्के एकाच शहरातील दोन बाळांमध्ये असणारा फरक होता. एका शहरातील बाळे आणि दुसऱ्या शहरातील बाळे यांच्यातील फरकाचा वाटा फक्त तीन टक्क्यांच्या आसपास निघाला. म्हणजे दक्षिण दिल्लीच्या एकाच गल्लीतील दोन बाळांच्या उंचीत जेवढी तफावत दिसते, तिच्यापुढे दिल्ली आणि ओस्लो यांच्यातील तफावत किरकोळ आहे. त्यानंतरच सहाही ठिकाणची मोजमापे एकत्र केली गेली.

याच पद्धतीचा पुढचा अभ्यास गर्भातील बाळांवर झाला. त्यातील आठ ठिकाणांपैकी एक महाराष्ट्रातील नागपूर होते. ऑक्सफर्ड, नैरोबी, बीजिंगचा परिसर ही आणखी काही. तेथेही आरोग्य व आहार चांगला असलेल्या मातांच्या नवजात बाळांच्या लांबीतील फरकांत ठिकाणाचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या आसपासच आढळला.

याचा अर्थ आनुवंशिकतेला काही स्थान नाही, असा नाही. उंच आईबापांची मुले उंच होतातच. मात्र असे उंच आणि बुटके वंश प्रत्येक देशात असतात. पहिल्या पाच वर्षांत मुलांच्या मोठमोठ्या गटांची सरासरी वेगळी दिसते, तेव्हा त्यामागे देश किंवा वंशापेक्षा अन्न, आजारपण आणि आईचे आरोग्य यांचा हात बराच मोठा असतो.

मग भारताचा स्वतःचा तक्ता का नको?

असे प्रयत्न भारतात झाले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९५६ ते १९६५ दरम्यान देशभरातील मुले मोजली होती. त्यात अल्प उत्पन्न गटातील मुलांचे प्रमाण मोठे होते. त्यामुळे त्या काळची मुले कशी होती याची ती उत्तम नोंद ठरली. पण मुलांनी तसेच असावे, असे त्यावरून सांगता येत नव्हते.

आज तसा तक्ता बनवला तर काय होईल, हे दोन वर्षांच्या एका मुलीवरून पाहता येईल. तिची झोपवून घेतलेली लांबी ७९ सेंटिमीटर आहे. जागतिक मानकांत या वयाच्या मुलींची मधली रेषा ८६.४ सेंटिमीटरवर आहे आणि खुजेपणाची रेषा ८० वर. निरोगी मुलींपैकी शंभरात दोन-तीनच या रेषेखाली असतात. म्हणून ही मुलगी खुजी म्हणून नोंदली जाईल. तिचा आहार, वारंवार होणारे जुलाब, आईची तब्येत यांची चौकशी होईल.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले खुजी आहेत. महाराष्ट्रात हे प्रमाण ३५.२ टक्के आहे. सरसकट अशा मुलांवरून नवा तक्ता काढला, तर त्याची खालची रेषाही याच मुलांमधील तळाच्या शंभरात दोन-तीन जणांपाशी आखली जाईल. आपली मुलगी त्या दोन-तिघींत येणार नाही, कारण तिच्यासारख्या आणि तिच्याहून ठेंगण्या मुली भरपूर आहेत. ती ‘सामान्य’ ठरेल आणि कोणी काही विचारणार नाही. तक्ता बदलल्याने तिची उंची एका मिलिमीटरनेही वाढलेली नसेल. देशातील खुजेपणा मात्र कागदावर ३५ टक्क्यांवरून दोन-तीन टक्क्यांवर येईल. लोकसंख्येच्या सरासरीवर बेतलेल्या प्रत्येक तक्त्याचे हेच होते. कुपोषण जितके सार्वत्रिक, तितके ते त्या तक्त्यात कमी दिसते.

श्रीमंत देशांनाही हे लागू पडते, फक्त तेथे दिशा उलटी असते. लठ्ठपणा पसरलेल्या देशातील मुलांची सरासरी घेतली तर लठ्ठ मूलच ‘सामान्य’ होते. अमेरिकेकडे स्वतःचा २००० मधला तक्ता आहे. तरीही दोन वर्षांखालील मुलांसाठी तेथील रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने २०१० मध्ये जागतिक मानके वापरण्याची शिफारस केली. ब्रिटनने ती २००९ मध्ये स्वीकारली. भारतात एकात्मिक बालविकास सेवा योजनेत ती २००८ पासून आली. २०११ पर्यंत १२५ देशांनी ती स्वीकारली होती.

आक्षेप कोणते?

मानकांवर टीका झाली नाही, असे नाही. अर्थतज्ज्ञ अरविंद पानगढिया यांनी २०१३ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मधून या मोजपट्टीने भारतातील कुपोषण फुगवले जाते, असा आक्षेप घेतला. बालमृत्यू आणि आयुर्मानात भारत आफ्रिकेतील अनेक गरीब देशांच्या पुढे असताना उंचीत मागे कसा, हा त्यांचा प्रश्न होता आणि भारतीय मुले मुळातच ठेंगणी असावीत, असा त्यांचा युक्तिवाद. त्यावर मोठी चर्चा झाली. प्रतिवाद करणाऱ्यांनी दाखवून दिले की, उंचीवर केवळ मृत्यूचे प्रमाण परिणाम करत नाही. आईचे वजन, जन्मवेळचे वजन, उघड्यावरील शौचामुळे होणारे संसर्ग यांचाही त्यावर परिणाम होतो आणि यांत भारताची स्थिती वाईट आहे.

आणखी एक मुद्दा अधिक अवघड आहे. लहानपणी खुजी राहिलेली मुलगी पुढे ठेंगणी आई होते आणि तिचे बाळ लहान जन्मते. ही साखळी एका पिढीत तुटत नाही. त्यामुळे आज चांगले खातेपिते झालेल्या घरातील काही मुलेही मधल्या रेषेच्या खालीच राहतात. दुसरीकडे, नॉर्वे आणि बेल्जियममधील मुले या मानकांपेक्षा काहीशी मोठी भरतात, असे तेथील अभ्यासांत दिसले. डोक्याच्या घेरात देशादेशांतील फरक उंचीपेक्षा अधिक आहे. म्हणून केवळ या तक्त्यावरून डोके फार मोठे किंवा लहान ठरवताना डॉक्टरांना सावध राहावे लागते.

शिवाय ही मानके पाच वर्षांपर्यंतच आहेत. पुढील वयासाठी संघटनेने २००७ मध्ये दिलेला तक्ता सहा देशांच्या मुलांवरून काढलेला नाही. त्याचा पाया जुनी अमेरिकी मोजमापेच आहेत. पाच वर्षांनंतर वयात येण्याची वेळ मुलागणिक बदलते आणि निवडलेला आहार वर्षानुवर्षे पाळून घेणेही शक्य नसते. म्हणून भारतीय बालरोग अकादमीने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांसाठी भारतीय तक्ते दिले. पुण्यातील डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा त्या कामात मोठा वाटा होता. मात्र तेथेही सरसकट मुले घेतली नाहीत. सुस्थितीतील घरांतील मुले निवडली गेली आणि अतिवजनी मुले वगळली गेली. पाच वर्षांखालील मुलांसाठी अकादमीने जागतिक मानकेच कायम ठेवली.

तक्ता वाचायचा कसा?

एका टिंबावरून फारसे कळत नाही. बाळ मधल्या रेषेच्या खाली असले, पण महिन्यामागून महिने त्याच रेषेला समांतर वर जात असले, तर बहुधा ती त्याची स्वतःची चाल असते. वरच्या रेषेवरून चालणारे बाळ दोन-तीन महिन्यांत खालच्या रेषेकडे वळले किंवा त्याचे टिंब आडवेच सरकत राहिले, तर ते अजून ‘सामान्य’ पट्ट्यात असूनही चौकशीला कारण असते.

त्याआधी मोजमाप बरोबर आहे का, हे पाहावे लागते. दोन वर्षांखालील बाळाची लांबी झोपवून आणि त्यानंतर उंची उभे करून मोजतात. उभे केल्यावर माप सुमारे ०.७ सेंटिमीटर कमी येते. दीड वर्षाच्या मुलाला उभे करून मोजले आणि तेवढे वाढवले नाही, तर तो उगाच खुजा दिसतो. जन्मतारीख महिन्याभराने चुकली, तरी तान्ह्या बाळाचे टिंब भलतीकडे पडते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय मोजताना लवकर जन्मलेले आठवडे वजा करावे लागतात.

सुरुवातीचा मुलगा आज अंगणवाडीत नवव्या महिन्यात ८.९ किलो भरला, तर त्याचे टिंब मधल्या रेषेवर पडते. त्याच्या आईला सांगायचे एवढेच उरते की, दूध चालू ठेवा आणि वरच्या अन्नाची वाटी हळूहळू वाढवा.